पत्रा जाड घ्यावा की चांगल्या कोटिंगचा?

«आमचं लहान बैठं घर आहे, दोन्ही बाजूंनी उतार. छप्पर बदलायचंय. लांबी तीस फूट, प्रत्येक उताराला बारा फुटी पत्रा, एकूण वीस पत्रे लागतील. तीन दुकानांत विचारलं. पहिला ०.५० मिलिमीटरचा रंगीत पत्रा देतो आणि तोच सगळ्यात स्वस्त. दुसरा नावाजलेल्या कंपनीचा ०.४५ दाखवतो आणि त्याचे जास्त मागतो. तिसरा म्हणतो, ‘२६ गेज आहे, डोळे झाकून न्या.’ माझे दीर म्हणतात, जाड तो टिकाऊ, पहिलाच घ्या. फॅब्रिकेटरही म्हणतो की खाली आडवे पाइप तीनच पुरेत, पैसे पत्र्यात घाला. आधीचा पत्रा सात वर्षांत गंजला, म्हणून यावेळी चुकायचं नाही. कुणाचं ऐकू?»
— एक वाचक

ताई, दुकानांचं बोलण्याआधी मला जुन्या पत्र्याबद्दल विचारायचंय. तो अजून छपरावर असेल तर उतरवण्याआधी एकदा नीट बघा. भंगारात गेल्यावर त्याच्याकडून काही कळणार नाही. तो नेमका कुठून गंजला?

स्क्रूच्या भोवती गोल गोल गंज असेल, तर दोष वायसरचा किंवा फिटिंगचा. एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या जोडावर असेल, तर तिथे ओल अडकून राहत होती. खालच्या कापलेल्या कडेवर असेल, तर तिथे कचरा साचून कड कायम ओली राहत होती. भिंतीला टेकतो त्या पट्ट्यातच असेल, तर सिमेंटने खाल्लं असण्याची शक्यता मोठी; ओलं सिमेंट पत्र्यावरच्या लेपाला चावतं, ॲल्युमिनिअम असलेल्या लेपाला तर जास्तच. आणि सगळीकडे सारखाच तांबूस झाला असेल, तर मूळ लेपच पातळ होता.

यातल्या एकाही ठिकाणी «पत्रा जाड असता तर वाचला असता» असं म्हणता येत नाही. तुमच्या दिरांचं म्हणणं मला पटत नाही ते इथे. पोलाद जाड असलं तरी उघडं पडलं की गंजतंच. आरपार भोक पडायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. गंज अडवण्याचं काम लेप करतो. जाडीचं काम वेगळं आहे: पत्रा वाकू नये, वाऱ्याने फडफडू नये, कुणी चढलं तर दबू नये. तुमची भीती गंजाची आहे आणि घरातली चर्चा जाडीवर चालली आहे. आधी हे दोन धागे सुटे करू.

आता त्या तीन आकड्यांकडे येऊ. ०.५० आणि ०.४५ समोरासमोर ठेवले की पहिला जाड वाटतो. पण जाडी दोन तऱ्हांनी सांगतात. एक, नुसत्या पोलादाची, म्हणजे लेप आणि रंग चढण्याआधीची. दुकानात तिला बीएमटी म्हणतात. दुसरी, लेप आणि रंग धरून एकूण, ती टीसीटी. दोन्हींत फरक किती? चांगल्या रंगीत पत्र्यावर जस्त-ॲल्युमिनिअमचा लेप चौरस मीटरला १५० ग्रॅम असतो, दोन्ही बाजू मिळून. त्याची जाडी होते साधारण ०.०४ मिलिमीटर. वर रंगाची ०.०३ च्या आसपास. म्हणजे दोन्ही मिळून ०.०७.

हे तुमच्या दोन दुकानांना लावून बघा. पहिल्याचा ०.५० एकूण जाडीचा असेल, तर आत पोलाद उरतं ०.४३. दुसऱ्याचा ०.४५ नुसत्या पोलादाचा असेल, तर त्याची एकूण जाडी ०.५२. तसं असेल तर ज्याला घरात सगळे पातळ म्हणताहेत, तोच जाड निघाला. उलटही असू शकतं: दुसरासुद्धा एकूणच सांगत असेल, तर त्यात पोलाद ०.३८ आहे आणि जास्त पैसे नावाचे किंवा लेपाचे आहेत. आकडा ऐकून यातलं काहीच ठरत नाही. म्हणून दोघांना एकच प्रश्न विचारा, «हा आकडा बीएमटी की टीसीटी?» प्रश्न ऐकून जो सरळ उत्तर देतो त्याच्याशी पुढे बोला.

तिसऱ्याचं «२६ गेज» तर आणखी सैल आहे. गेजचे तक्ते अनेक आहेत. एका ब्रिटिश तक्त्यात २६ म्हणजे ०.४६ मिलिमीटर, दुसऱ्या ब्रिटिश तक्त्यात जवळपास ०.५०, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या अमेरिकन तक्त्यात ०.५५. कुठला तक्ता हे सांगितल्याशिवाय २६ गेज या शब्दाला पकडण्यासारखं काही नाही. तो दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. कित्येक जुने लोक गेजमध्येच बोलतात. फक्त त्याच्याकडून मिलिमीटरमध्ये, आणि बीएमटी लिहून घ्या.

लिहून घेतलेलं खरं की नाही हे कसं बघायचं? स्क्रू गेजने मोजता येतं. पत्र्याच्या सपाट भागावर, कडेपासून दोन बोटं आत, तीन-चार ठिकाणी. घडीच्या जागी मोजू नका, तिथे आकडा चुकतो. पण घरच्या माणसाला त्याहून सोपा आणि जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे वजन. एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पोलाद ७.८५ किलो भरतं. तुमचा पत्रा पन्हळी पाडण्याआधी बहुधा १.२२ मीटर रुंद पट्टीचा असतो (पन्हळी पडल्यावर तो आक्रसतो आणि छपरावर साधारण एक मीटर झाकतो). बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. दोन्हींचा गुणाकार ४.४६ चौरस मीटर.

पहिल्या दुकानदाराचा पत्रा खरोखर एकूण ०.५० असेल, तर पोलाद ०.४३: चौरस मीटरला ३.३८ किलो. लेप आणि रंगाचे सुमारे ०.१९ मिळवा, झाले ३.५७. त्याला ४.४६ ने गुणलं की एक पत्रा १५.९ किलो. आता समजा ०.५० सांगून त्याने एकूण ०.४५ दिला, तर तोच पत्रा १४ किलोच्या जरासा वर भरेल. एका पत्र्यात पावणेदोन किलोची तूट हातात धरून कळत नाही. पण पाच पत्रे एकत्र काट्यावर ठेवले की नऊ किलो कमी दिसतात, आणि वीस पत्र्यांत ती तूट ३५ किलोची होते. कारखान्यातूनच जाडी थोडी कमीजास्त येते, त्यामुळे पत्र्यामागे अर्धा किलो इकडेतिकडे झालं तर भांडू नका. दीड-दोन किलो कमी असेल तर पत्रा वेगळाच आहे. वजन करण्याआधी मूळ पट्टीची रुंदी मात्र विचारा. ती १.२२ नसेल तर हा सगळा हिशेब बदलतो.

इथे एक फसगत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. वजनाने जाडी कळते, लेप कळत नाही. दोन पत्रे घ्या, दोन्ही एकूण ०.५० चे. एकावर १५० ग्रॅमचा लेप, दुसऱ्यावर ७० ग्रॅमचाच. लेप पातळ झाला तर तीच एकूण जाडी भरून काढायला आत पोलाद जास्त लागतं, आणि पोलाद लेपापेक्षा दुप्पट जड असतं. म्हणजे कमी लेपाचा पत्रा काट्यावर उलट जास्त भरतो, माझ्या हिशेबाने सव्वासोळा किलो. दीर खूश होतील, छप्पर लवकर गंजेल. स्वस्त ०.५० दिसला की मला आधी हीच शंका येते.

लेप ओळखायचा तर पहिली जागा पत्र्याच्या पाठीमागची छापील ओळ. बऱ्याच चांगल्या कंपन्या तिथे नाव, जाडी आणि लेप छापतात. «एझेड १५०» असं असेल तर जस्त-ॲल्युमिनिअमचा १५० ग्रॅमचा लेप. नुसता जस्ताचा असेल तर «झेड» आणि पुढे आकडा, किंवा «१२० जीएसएम», म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम, असं. दोन जातींची तुलना आकड्यावरून करू नका. जस्त जड, त्यामुळे तितक्याच ग्रॅमला थर पातळ बसतो: १२० ग्रॅम जस्ताचा थर एका बाजूला आठ-साडेआठ मायक्रॉन, १५० ग्रॅम जस्त-ॲल्युमिनिअमचा वीस. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

छापील ओळ नसेल, किंवा शंका असेल, तर कोटिंग मोजायचं छोटं यंत्र वापरा. जुन्या गाड्या विकत घेताना रंग पुन्हा मारलाय का हे बघायला लोक तेच वापरतात. ओळखीत एखाद्या गॅरेजवाल्याकडे असेल. ते पत्र्याच्या मागच्या बाजूला लावा, कारण तिथे रंग अगदी पातळ असतो आणि लेप झाकला जात नाही. १५० ग्रॅमवर तिथे पंचवीस मायक्रॉनच्या आसपास दिसेल, ७० ग्रॅमवर पंधरा-सतराच. दहा जागी लावून सरासरी काढा. एकदोन आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आणि मागच्या बाजूचा रंग जाड असेल तर आकडा फुगतो, हेही लक्षात असू द्या.

आता फॅब्रिकेटरचं. «तीन पाइप पुरेत, पैसे पत्र्यात घाला» हा सल्ला मी अगदी उलटा फिरवीन. बारा फुटी पत्र्याखाली तीन पाइप म्हणजे दोन गाळे, प्रत्येकी पाच फुटांचे, आणि खाली-वर एकेक फूट पत्रा बाहेर. चार पाइप टाकले तर तीच दहा फूट तीन गाळ्यांत वाटली जातात, प्रत्येकी तीन फूट चार इंच. पत्रा किती लवतो हे गाळ्याच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं: गाळा दीडपट झाला की लवणं सुमारे पाचपट. दोन गाळ्यांवर आणि तीन गाळ्यांवर टेकलेला पत्रा थोडा वेगळा वागतो, तो फरक धरला तरी चौथा पाइप टाकल्यावर लवणं जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतं. याउलट पोलाद ०.४३ वरून ०.५० वर नेलं तर लवणं साधारण सातवा हिस्सा कमी होतं. वीस पत्र्यांची जाडी वाढवून जे मिळत नाही, ते प्रत्येक उताराला एक पाइप वाढवून मिळतं.

याचा तुमच्या गंजाशीही संबंध आहे. लवचिक छपरावर वारा आला की पत्रा वर-खाली होतो, प्रत्येक हेलकाव्याने स्क्रूचं भोक घासतं, वायसर सैल होतो, आणि तिथून पाणी शिरतं. चौथ्या पाइपामुळे स्क्रूंची आणखी एक ओळ मिळते, म्हणजे वाऱ्याची ओढ जास्त जागी वाटली जाते. ही ओढ वळचणीच्या कडेला, आढ्याजवळ आणि दोन्ही टोकांना सगळ्यात जास्त असते. तिथे स्क्रू जवळजवळ घ्या. कुणी छपरावर चढलं तर पाय पाइपाच्या ओळीवरच ठेवायचा, गाळ्याच्या मध्यावर नाही. जाड पत्राही तिथे दबतो.

मग कुठला पत्रा? तुमच्या घराला, चार पाइपांवर, ०.४३ ते ०.४५ पोलादाचा आणि १५० ग्रॅम लेपाचा पत्रा मला पुरेसा वाटतो. दुसऱ्या दुकानदाराचा ०.४५ जर नुसत्या पोलादाचा निघाला आणि लेप १५० निघाला, तर जास्तीचे पैसे वसूल आहेत. पहिल्याचा ०.५० तपासणीत उतरला, लेपही तोच निघाला, तर स्वस्त म्हणून त्याला नाकारायचं कारण नाही. घर समुद्राजवळ असेल आणि खारं वारं येत असेल, तर लेपावर तडजोड नको. तिथे कंपनीला लेखी विचारा की किनाऱ्यापासून इतक्या अंतरावर तिची हमी लागू होते का. पुष्कळ हमीपत्रांत खारी हवा, गोठा आणि धुराची जागा वगळलेली असते, आणि ते बारीक अक्षरात असतं.

दुकानदाराचं नाव चांगलं आहे का, हे लोक शेजाऱ्यांना विचारतात. शेजारी भाव आणि बोलणं सांगतात. पत्र्याचं त्यांनाही पाच वर्षांनीच कळतं. म्हणून दुकानदारालाच विचारा, पाच-सहा पावसाळे झालेलं तुमचं एखादं छप्पर दाखवा. तिथे जाऊन खालची कापलेली कड आणि स्क्रूच्या भोवतीचा भाग बघा, रंगाच्या चकाकीकडे बघू नका. मग त्याचा साठा बघा. पत्रे उघड्यावर आडवे रचून ठेवले असतील आणि मधे पाणी गेलं असेल, तर सुकायला हवा मिळत नाही आणि पांढरट डाग पडतात. ते लेप खाल्ला गेल्याचे असतात. असे पत्रे घेऊ नका, कितीही पुसून दाखवले तरी. आणि बिलावर त्याला एवढं लिहायला सांगा: पोलादाची जाडी इतकी, लेप अमुक जातीचा इतके ग्रॅम, पट्टीची रुंदी इतकी, नग वीस, माल उतरवताना वजन करून घेणार. पत्रा बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणीपत्राची प्रत मागा. त्यावरचा कॉइलचा, म्हणजे मूळ गुंडाळीचा नंबर आणि पत्र्याच्या पाठीवरचा नंबर जुळतो का बघा. जो हे हसून टाळतो किंवा «एवढं कोण बघतं» म्हणतो, त्याच्याकडून मी एकही पत्रा घेणार नाही. जो शांतपणे लिहून देतो त्याच्याकडे दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

शेवटी माझ्या घरचं सांगतो, कारण ही चूक मी स्वतः होऊ दिली. आईच्या घराला पत्रा चांगला आणला होता, वजन बघितलं, लेप बघितला. कामाच्या दिवशी मी दुपारी निघून गेलो. कामगारांनी टोकाचे पत्रे ग्राइंडरने कापले. दुसऱ्या पावसाळ्यात छपरावर तांबडे ठिपके उगवले, जणू कुणी शिंपडले. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण; ते रंगात रुतून बसतात आणि गंजतात. शिवाय कापलेल्या कडेजवळचा लेप उष्णतेने जळतो, म्हणजे जिथे लेप सगळ्यात जास्त हवा तिथेच तो राहत नाही. तुमच्याकडे पत्रे शक्यतो नेमक्या मापात कापूनच आणा. जागेवर कापायची वेळ आलीच तर पत्रा कापायच्या कात्रीने, आणि तेही खाली जमिनीवर. भोक पाडताना उडणारा बारीक कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून घ्या. एक रात्र दव पडलं तरी तो डाग सोडतो. स्क्रू आवळताना वायसर थोडा दबून कडेने जरासा बाहेर दिसेपर्यंतच फिरवायचा. चपटा होईपर्यंत आवळला की रबर चिरतं आणि पत्र्यावर वाटी पडून तिथे पाणी साचतं. भिंतीच्या टोकाला पत्रा आणि गिलावा यांच्यामध्ये फ्लॅशिंगची पट्टी द्या, म्हणजे सिमेंट पत्र्याला लागणार नाही.

आणि चौथ्या पाइपाचं फॅब्रिकेटरला आजच सांगा, कैच्या वेल्ड होण्याआधी. पाइप बसवायचे टेकू एकदा तीनच लागले की नंतर जोडताना तो जास्त मजुरी मागेल, आणि नव्या पत्र्यांखाली वेल्डिंग केलं तर तिथला लेप जळेल.